डबा बोलला नाही

पंडरीच्या कापड बाजारात मधल्या गल्लीला वळलं की डाव्या हाताला मुळे वस्त्र भंडार लागतं. चादरी, टॉवेल, पंचे, शाळेच्या गणवेशाचं कापड, असा ठोक माल. नरहरी मुळे गेल्यावर दुकान बंद होणार असं बाजाराने धरलं होतं, कारण त्यांच्या बायकोला, पद्मजाबाईंना, तोपर्यंत जवळजवळ दिसेनासं झालं होतं. साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. डाव्या डोळ्याच्या कडेला उजेडाची एक पट्टी तेवढी उरली होती. त्या पट्टीत दुकानाचं दार दिसायचं, दारात कोणी उभं राहिलं तर पट्टी काळी व्हायची, बस.

पण बाई गल्ल्यावर बसल्या ते बसल्याच. कापड त्यांना बोटांना कळायचं, ते नवऱ्याच्या वेळेपासूनच. अडचण पैशांची होती. नोटा चाचपून ओळखायला त्या शिकल्या, पण वर्ष-दोन वर्षांत नोटा देणारंच कोणी राहिलं नाही. जो येईल तो फोन काढायचा. तेव्हा शंकर नगरात राहणारे शिशिर काळे त्यांच्या कामी आले. शिशिर स्वतः जन्मापासून आंधळे आणि बँकेत अधिकारी. त्यांनी बाईंच्या फोनमध्ये टॉकबॅक सुरू करून दिलं आणि रविवारी-रविवारी बसवून शिकवलं. पडद्यावर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते फोन बोलतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट. उघडायचं असेल तर दोनदा टकटक. रक्कम लिहिली की फोन ती वाचून दाखवतो, कोणाला जाणार त्याचं नावही वाचतो, आणि नाव ऐकल्याशिवाय पिन टाकायचा नाही.

"डोळे असणारे नाव पाहत नाहीत, ताई," शिशिर म्हणाले होते. "घाईत हिरवी टिक पाहतात. आपल्याला मात्र सगळं ऐकूनच पुढे जावं लागतं. त्याचा कंटाळा करू नका."

पिनच्या वेळी फोन आकडे मोठ्याने बोलेल म्हणून बाई एका कानात इअरफोन ठेवायच्या. आवाजाचा वेग हळूहळू वाढवत नेला, इतका की शेजारी बसलेल्याला नुसती चिवचिव ऐकू यायची. फोन मराठीत बोलायचा, पुण्याकडच्या एखाद्या शिक्षिकेसारखा. पैसे जमा झाल्याचं सांगणारा गल्ल्यावरचा डबा मात्र बाजाराच्या भाषेत, हिंदीत बोलायचा. गिऱ्हाइकाने काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून पैसे दिले की डबा गल्लीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडायचा, "छह सौ बीस रुपये प्राप्त हुए." त्याच्यात स्वतःचं सिम होतं, बाईंच्या फोनशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. डबा बोलला की माल द्यायचा, नाही बोलला तर थांबायचं. दयारामला, म्हणजे दुकानातल्या जुन्या सेल्समनला, बाईंनी हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि त्याने "हव, भाभी" म्हणून तो पाळला होता.

मागच्या पंधरवड्यापासून हा नियम ढिला पडत चालला होता.

कारण दुपारी दुकानात गुलाबराव बसू लागले होते. बाईंचे धाकटे दीर. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होते, ते काम सुटलं होतं. "घरी बसून काय करू, वहिनी, तुमच्या हाताशी येतो," म्हणाले. बाईंना बरं वाटलं. नरहरी आजारी असताना याच माणसाने दवाखान्यात रात्री काढल्या होत्या, आणि डोळ्यांच्या ऑपरेशनला नागपूरला नेलं ते यानेच. ते आले की चहा यायचा, गप्पा व्हायच्या. पण चार-पाच वेळा असं झालं की गिऱ्हाइक "हो गया" म्हणालं आणि डबा गप्प राहिला. दर वेळी गुलाबराव म्हणाले, "आले पैसे, वहिनी, मी टिक पाहिली. डब्याचं नेटवर्क गेलं असन." रकमा लहान होत्या. संध्याकाळी फोनमध्ये हिशोब ऐकताना त्या रकमा सापडत नव्हत्या, पण गुलाबराव म्हणाले, एखाद दिवस उशिरा जमा होतात. बाईंनी मान हलवली. मनात मात्र खडा राहिला होता.

मधूनमधून ते दुसरीही गोष्ट काढायचे. शेजारच्या दुकानदाराला जागा भाड्याने हवी होती. "डोक्याला ताप नाही, वहिनी. घरी बसल्या महिन्याचे पैसे महिन्याला येतीन. तुम्हाले कुठवर जमन हे?"

"जमतंय तोवर जमन," बाई म्हणायच्या.

त्या शुक्रवारी दुपारी गौतम आला. अभनपूरला त्याचं कपड्याचं दुकान होतं. त्याचे वडील नरहरींचे जुने गिऱ्हाइक. पोरगा तिथेच वाढलेला, मराठी सगळी समजायची, बोलायचा हिंदीत. शाळेचं मोठं काम मिळालं होतं, त्याने गणवेशाच्या कापडाचे चार गठ्ठे निवडले, दर पाडून घेतला, आणि शेवटी सेहेचाळीस हजार तीनशेवर सौदा झाला. बाहेर मालाची ऑटो उभी होती.

"स्कॅन करता हूँ, चाची," गौतम म्हणाला.

बाईंनी त्याच्या फोनचा बारीक आवाज ऐकला. आकडे दाबल्याची टिकटिक, मग पैसे गेल्यावर वाजते ती छोटी धून. "हो गया, देख लीजिए."

पद्मजाबाई डब्याकडे कान लावून बसल्या. वर पंखा फिरत होता. गल्लीतून हातगाडी खडखडत गेली. दयारामने पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला, त्याची चप्पल फरशीवर घासली.

डबा बोलला नाही.

"दयाराम, थांब जरा," बाई म्हणाल्या.

चप्पल थांबली.

"आले, वहिनी," गुलाबराव मागून म्हणाले. "मी पाहिलं न. मोठी हिरवी टिक आली. पूर्ण रक्कम दिसून राहिली."

"डबा बोलला नाही, भाऊजी."

"डबा खराब झाला आहे तो. किती वेळा सांगू."

"कितने बजे तक रुकना है, चाची?" गौतमने हसत विचारलं. हसणं जरा वरवरचं होतं. "ऑटोवाला वेटिंग लगाएगा."

बाईंनी इअरफोन नीट बसवला, फोन उचलला आणि दुकानाचं अॅप उघडलं. बोट सरकवत गेल्या. कानात शिक्षिकेचा आवाज धावू लागला. आजचे व्यवहार. सर्वांत वर सहाशे वीस रुपये, सकाळचे. त्याच्यावर काही नाही. एकदा मागे गेल्या, पुन्हा उघडलं. सहाशे वीस.

सेहेचाळीस हजार म्हणजे त्या दुकानाला बारीक रक्कम नव्हती. बाजारात बनावट अॅपचे किस्से रोज ऐकू येत. हुबेहूब तसाच पडदा, तशीच टिक, तसाच आवाज, आणि खात्यात काही नाही. डोळस दुकानदार फसले होते. आणि समोर कोण, तर ज्याच्या बापाला नरहरी 'भैया' म्हणत असत त्याचा मुलगा.

"गौतम, बस जरा," त्या म्हणाल्या. "खात्यात आले नाहीत."

"चाची, कट गये हैं मेरे."

"हव, भाभी, मैंने भी देखा उनके फोन में," दयाराम मध्येच म्हणाला.

"पाहा," गुलाबराव म्हणाले. "आम्ही दोघं डोळ्याने पाहून राहिलो अन् तुम्ही एका डब्याचं ऐकून राहिल्या. गौतम जुन्या घरोब्याचा माणूस आहे. इज्जत जाते आपली."

'डोळ्याने' हा शब्द त्यांनी जोर देऊन म्हटला नव्हता, तरी बाईंना तो लागला. क्षणभर वाटलं, जाऊ द्यावा माल. दोन माणसं बघतायत, एक आंधळी बाई अडून बसलीय. पण खात्यात पैसे नव्हते. ते नव्हते, एवढं त्यांना स्वतःला ठाऊक होतं, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

"डबा खराब आहे का ते आधी पाहू," त्या म्हणाल्या.

डब्याच्या बाजूचं बटण त्यांनी चाचपून दाबलं. "छह सौ बीस रुपये प्राप्त हुए," डब्याने सकाळचं शेवटचं पुन्हा सांगितलं. मग बाईंनी स्वतःचं पैसे पाठवायचं अॅप उघडलं. त्यांचं घरखर्चाचं खातं वेगळ्या बँकेत होतं. अलीकडे ज्यांना पैसे दिले त्या नावांत दुकानाचंही नाव होतं, डबा नवा आला तेव्हा शिशिरने त्यावरून चाचणी करायला लावली होती. बोट सरकवत त्या नावापाशी आल्या. मुळे वस्त्र भंडार. दोनदा टकटक. रक्कम लिहिली, एक. फोनने वाचलं, एक रुपया. पिनचा पडदा आला तसा त्यांनी फोन छातीशी धरला. कानातला आवाज एकेक आकडा सांगत होता, बोट एकेक आकडा टिपत होतं.

"एक रुपया प्राप्त हुआ," डबा ओरडला.

बाईंनी फोन खाली ठेवला.

म्हणजे डबा ठीक होता. नेटवर्क ठीक होतं. खातं ठीक होतं. राहता राहिला गौतम. बाईंनी चेहरा त्याच्या आवाजाच्या दिशेने वळवला आणि त्यांना पुढचं वाक्य सापडेना. पोलिसांना बोलवायचं का? त्याच्या बापाला फोन करायचा? गठ्ठा परत आत ठेवायला सांगायचा एवढंच?

गौतमला ते न बोलताच कळलं. त्याची खुर्ची मागे सरकली.

"चाची, आप मुझे चोर समझ रही हैं?"

"मी काही समजून नाही राहिले. पैसे कुठे आहेत ते विचारून राहिले."

"मेरे बैंक का मैसेज देखिए." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण आवाज खाली आला. "दयाराम भैया, आप पढ़ दीजिए इनको."

दयारामने गठ्ठा खाली ठेवला. इंग्रजी अक्षरं जोडत जोडत त्याने मेसेज वाचला. खात्यातून सेहेचाळीस हजार तीनशे वजा. तारीख आजची. मेसेज बँकेचाच होता, वर महिनाभराचे आधीचेही मेसेज होते, मालाच्या पैशांचे, विजेच्या बिलाचे.

बाई ऐकत होत्या. मेसेज खोटा नसेल तर पैसे गेले आहेत. डबा खोटा नाही, म्हणजे पैसे आलेले नाहीत. दोन्ही खरं. मग ते गेले कुठे? बँकेत मध्ये अडकले असते तर गौतमच्या फोनवर टिक आली नसती, वाट पाहा असं आलं असतं. शिशिरने हे समजावून सांगितलं होतं. टिक आली म्हणजे पैसे कोणाच्या तरी खात्यात पोचले.

कोणाच्या तरी.

"गौतम, तू कशावर स्कॅन केलं?"

"ये जो सामने रखा है, चाची. इसी पे."

"नाव काय आलं होतं?"

"मुळे... मुळे करके कुछ था. मैंने मुळे देखा और डाल दिया."

बाईंनी उजवा हात काउंटरवर पुढे सरकवला. क्यूआरची उभी पाटी नेहमी डब्याच्या उजव्या अंगाला असायची, एक वीत सोडून. तिच्या तळाशी एक कोपरा तुटका होता, दयारामच्या हातून पडून तुटलेला. बोटं पाटीपर्यंत पोचायच्या आधी त्यांना प्लास्टिक काचेवर घासल्याचा आवाज आला. कोणीतरी पाटी ओढत होतं.

"मी पाहतो न, वहिनी," गुलाबराव म्हणाले. "काही लफडं असन तर कंपनीवाल्याले बोलावतो उद्या. तुम्ही गौतमचा माल जाऊ द्या, पैशाचं माझ्याकडे लागलं."

"पाटी ठेवा खाली, भाऊजी."

"काहून?"

"ठेवा."

पाटी खाली आली नाही. दाराच्या उजेडाच्या पट्टीत एक काळी सावली हलली आणि थांबली. ते दारापर्यंत गेले होते की काय, बाईंना कळेना. त्यांना आता कळून चुकलं होतं, आणि अजूनही वाटत होतं की आपलं चुकत असावं. चुकलो असू तर सख्ख्या दिराला परक्या माणसासमोर असं बोलणं आयुष्यभर निस्तरावं लागेल.

"दयाराम," त्या म्हणाल्या, "भाऊजींच्या हातातून पाटी घे आणि इथे ठेव. माझ्या हातासमोर."

दयाराम वीस वर्षं त्या दुकानात होता. गुलाबरावांच्या लग्नात त्याने मांडव घातला होता. तो जागचा हलेना. बाईंनी पुन्हा सांगितलं नाही. पंखा फिरत राहिला. शेवटी चप्पल घासली, दोन पावलं, मग "भैया, दे दो," आणि पाटी काचेवर टेकल्याचा आवाज आला.

बाईंनी तळाचे चारही कोपरे चाचपले. चारही धड होते.

त्यांनी कानातून इअरफोन काढला. फोनचा आवाज वाढवला आणि बोलण्याचा वेग बोटाने खाली, आणखी खाली आणला, नवख्या माणसालाही शब्द न् शब्द कळेल इतका. मग अॅपमधलं स्कॅन उघडलं. फोन आधी पाटीला टेकवला, म्हणजे समोर नेमका आला, आणि तिथून सरळ आपल्याकडे मागे आणत गेल्या. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा फोन पुन्हा टेकवला, आणखी हळू मागे आणला. वीतभर अंतरावर फोन हातात थरारला.

"गुलाबराव नारायण मुळे यांना पैसे देत आहात," फोन बोलला. पुण्याच्या शिक्षिकेचा तो स्वच्छ, शांत आवाज. "बँकेतील नाव, गुलाबराव नारायण मुळे. रक्कम लिहा."

बाईंनी बोट परत त्या ओळीवर ठेवलं. आपल्याला नीट ऐकू आलं का, म्हणून असेल.

"बँकेतील नाव, गुलाबराव नारायण मुळे."

"अरे," गौतम म्हणाला, हलकेच.

पद्मजाबाईंनी फोन उलटा करून काउंटरवर ठेवला. मग म्हणाल्या, "गौतम, माझ्या तोंडून चुकीचं निघणार होतं. निघालं नाही, पण मनात आलं होतं. ते मी नाकारत नाही."

"आया तो था," गौतम म्हणाला. "दिख रहा था." थोड्या वेळाने म्हणाला, "कोई भी सोचता, चाची." पण ते त्याने जमिनीकडे बघून म्हटलं असावं, आवाज तसा येत होता.

"माल घेऊन जा. तुझे पैसे तू दिलेस."

दयारामने गठ्ठे उचलले. एकामागून एक चारही ऑटोत गेले. जाताना गौतम नेहमी पाया पडायचा, त्या दिवशी पडला नाही. "आता हूँ," म्हणाला आणि ऑटो सुरू झाली.

मग दुकानात तिघंच उरले.

"भाऊजी, बसा."

खुर्ची वाजली. गुलाबराव बसले. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आधी पैसे पाठवा. आता, इथून. दुकानाच्या खात्यात."

"वहिनी, मी देणारच होतो..."

"आधी पाठवा."

मग त्यांच्या फोनची टिकटिक ऐकू आली आणि लगेच डबा ओरडला, "छियालीस हज़ार तीन सौ रुपये प्राप्त हुए." रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाटलं असतं, दुकानात मोठा सौदा झाला. बाईंना तो आकडा ऐकून बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

"आणि आधीचे? ते चार-पाच वेळचे?"

"ते बी देतो. खर्च झाले थोडे."

"पाटी कधीपासून बदलत होता?"

"रोज नाही. दुपारीच. तुमची आत ठेवायचो, जाताना परत काढायचो." गुलाबराव थांबले. "मले पैशाचं नव्हतं, वहिनी. खरंच सांगतो. मले वाटलं, दोन-चारदा घोळ झाला की तुम्ही थकसान. म्हणसान, नाही होत माझ्याच्याने. मग जागा भाड्याने गेली असती. तुम्हाले बी सुख, मले बी. माझं काम सुटल्यापासून घरात कसं चालून राहिलं ते मलेच माहीत. कुसुमले अजून सांगितलं नाही मी काम सुटलं म्हणून. तिले वाटते मी सिलतऱ्याले जातो."

हे बाईंना ठाऊक नव्हतं. जाऊला, कुसुमलाही, ठाऊक नसेल, असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मागितले असते तर दिले नसते मी?"

"तुमच्यापाशी मागायचं?" गुलाबराव म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत पहिल्यांदा काहीतरी खरं, कडवट बाहेर आलं. "दादाच्या वेळेपासून मागूनच राहिलो न मी. तुमचे डोळे गेले तरी गल्ल्यावर तुम्हीच. अन् मी डोळे असून बाहेरच्या खुर्चीत."

"माझे डोळे गेले म्हणून तुम्हाला सोपं वाटलं."

गुलाबरावांची खुर्ची करकरली.

"मी गौतमला हाकलणार होते, भाऊजी. त्याच्या बापाला फोन लावणार होते. पोट्टा आयुष्यभर चोर म्हणून फिरला असता, आणि तुम्ही खुर्चीत बसून पाहिलं असतं. टिक पाहिली, टिक पाहिली म्हणत." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पैशाचं मी विसरेन. हे कसं विसरू?"

गुलाबराव रडत होते की नुसतं नाक ओढत होते, ते कळलं नाही. बाईंनी ते जाणून घ्यायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी हात पुढे केला. "शटरची किल्ली द्या."

किल्ली तळहातावर पडली, गरम होती.

"दुकानात उद्यापासून येऊ नका. घरी या. सणावाराला या, जेवायला या, मी दार लावणार नाही. पण इथे नाही."

"कुसुमले सांगणार तुम्ही?"

"तुम्ही सांगा. आज."

ते उठले. दाराच्या पट्टीत सावली आली, क्षणभर अडली आणि गेली. पट्टी पुन्हा पांढरी झाली.

दयाराम काउंटरपाशी उभा होता. बाईंनी नवी पाटी त्याच्याकडे सरकवली आणि जुनी आतून आणायला सांगितली. ती आली. त्यांनी तुटका कोपरा चाचपला, पुन्हा एकदा स्कॅन केलं, फोनने दुकानाचं नाव सांगितलं, मग ती डब्याशेजारी ठेवली.

"तुला दिसली नव्हती का रे, पाटी नवी आहे ते?" त्यांनी विचारलं.

दयारामने कोपऱ्यातला झाडू उचलला. "दिखी थी, भाभी. भैया लाए थे, तो मैंने सोचा घर की बात है."

"पुढच्या वेळी घरची गोष्ट असली तर आधी सांगशील."

"हव."

तो गठ्ठ्यांच्या रिकाम्या जागेवर झाडू मारायला लागला. बाईंना हसूही आलं नाही, रडूही आलं नाही. एक गिऱ्हाइक येऊन टॉवेलचा भाव विचारून गेलं, त्यांनी काय सांगितलं ते त्यांचं त्यांनाच आठवेना. त्या पाणी प्यायल्या. शिशिरला फोन करावा असं वाटलं, पण काय सांगणार? नाव ऐकलं, असं?

दिवे लागायच्या सुमाराला काउंटरवरच्या फोनमधून शिक्षिकेचा आवाज आला. वेग अजून तसाच संथ होता, बाई तो वाढवायचा विसरल्या होत्या.

"कुसुम. यांचा. कॉल. येत आहे."

म्हणजे गुलाबराव घरी पोचले नव्हते, किंवा पोचले होते आणि बोलले नव्हते, किंवा बोलले होते. तिन्हीतलं काय, हे फोनला सांगता येणार नव्हतं. दयारामचा झाडू थांबला. बाईंनी घंटी तीन-चारदा वाजू दिली. मग फोन उचलून कानाला लावला.

"वहिनी, हे तुमच्याकडे आले काय हो?" कुसुमचा आवाज नेहमीसारखा घाईचा होता, मागे कुकरची शिट्टी होत होती. "कारखान्यात फोन लावला तर कोणी उचलून नाही राहिलं."

पद्मजाबाईंनी डोळे मिटले, सवयीने.

"कुसुम," त्या म्हणाल्या, "गॅस बंद कर अन् बस आधी."